वीसपैकी आठच का दिले

प्रिय मुली,

उत्तरपत्रिका हातात पडल्यावर तू एवढंच विचारलंस, "मॅडम, माझं भाषेत काय चुकलं?" वर्गात दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. भाषेत काहीच चुकलेलं नाही. शुद्धलेखन स्वच्छ आहे, वाक्यं लयीत आहेत, आणि एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना कुठे धक्का बसत नाही. यंदाच्या प्रथम वर्षात इतकं सुरेख मराठी लिहिणारी मुलं फार नाहीत. तरीही तुला ८ गुण मिळाले आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्या, अडखळत लिहिणाऱ्या मुलाला १३ मिळाले. असं का झालं, हे तुला नीट कळायला हवं.

प्रश्न होता, "मराठवाड्यातील पाणीटंचाईला ऊस जबाबदार आहे का? साधार चर्चा करा." गुणांची वाटणी मी आधीच सांगितली होती: भाषा ४, माहिती ६, युक्तिवाद १०. भाषेचे चारही गुण तुला दिले आहेत. माहितीचे २ आणि युक्तिवादाचे २, असे मिळून आठ झाले. म्हणजे गुण गेले ते माहितीत आणि युक्तिवादात, आणि सर्वांत जास्त युक्तिवादात.

तुझ्या निबंधातला सर्वांत देखणा परिच्छेद इथे उतरवते:

"लातूरकर रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी रांगा लावत होते, आया रिकाम्या घागरी घेऊन रात्र रात्र जागत होत्या, आणि तरीही शिवारात ऊस डौलाने डोलत होता. चार टक्के जमिनीवरचं हे पीक सत्तर टक्के पाणी पिऊन टाकतं. साहजिकच, मराठवाड्याच्या घशाची कोरड ही उसाच्या हिरव्या पानांची देणगी आहे."

पहिल्या वाचनाला माझ्याही अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्यातली विशेषणं, प्रतिमा आणि भावना बाजूला काढून फक्त विधानं शिल्लक ठेवली. चार पानांच्या निबंधातून चार विधानं उरली. एक, मराठवाड्यात पाण्याची भीषण टंचाई होते. दोन, उसाला फार पाणी लागतं. तीन, मराठवाड्यात ऊस घेतला जातो. चार, म्हणून टंचाईला ऊस जबाबदार आहे.

पहिली तीन विधानं खरी आहेत. चौथंही कदाचित खरं असेल. पण पहिल्या तिनांतून चौथं निघत नाही. त्या दोहोंमध्ये एक खड्डा आहे आणि तुझ्या निबंधात त्याच्यावर "आणि तरीही" आणि "साहजिकच" हे शब्द अंथरलेले आहेत. "आणि तरीही" म्हटलं की दोन दृश्यं शेजारी येतात आणि वाचकाच्या मनात त्यांचा संबंध आपोआप जुळतो. "साहजिकच" म्हटलं की तो संबंध सिद्ध झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तू तो कुठेही दाखवलेला नाहीस. लिहिताना तुलाही हे जाणवलं नसेल, कारण वाक्य कानाला पूर्ण वाटत होतं. ओघवती भाषा असलेल्या मुलांच्या बाबतीत हा धोका जास्त असतो. अडखळत लिहिणारा मुलगा त्या खड्ड्यापाशी थांबतो. पुढचं वाक्य सुचत नाही, म्हणून त्याला विचार करावा लागतो. तू थांबली नाहीस, कारण तुला वाक्य सुचलं.

आता त्या खड्ड्यात काय असायला हवं होतं ते पाहू. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात यासाठी एक जुनं आणि अतिशय उपयोगी उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर हा हेतू, म्हणजे आपण देत असलेलं कारण. अग्नी हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते. पण धूर दिसला म्हणून अग्नी मानायचा कशाच्या बळावर? "जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी" या नियमाच्या बळावर. या नियमाला व्याप्ती म्हणतात. चूल पाहिली, शेकोटी पाहिली, धूर होता तिथे विस्तव होता. तळं पाहिलं, विस्तव नव्हता, तिथे धूरही नव्हता. व्याप्ती अशी दोन्ही बाजूंनी तपासून घ्यायची असते.

हीच गोष्ट उलटी करून पाहा. "जिथे अग्नी, तिथे धूर" असं म्हटलं तर? लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा घे. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. म्हणजे हा नियम मोडला. हेतू आहे पण साध्य नाही, असं एक जरी उदाहरण सापडलं तरी त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. तो भटकतो, त्याच्यावर विसंबता येत नाही. नैयायिक तिथेच थांबले नाहीत. चुलीत धूर होतो आणि लोखंडात होत नाही, मग फरक कशाचा, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं, ओल्या सरपणाचं. अग्नीला ओलं सरपण मिळालं तरच धूर होतो. या दडून बसलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

तुझ्या निबंधाला ही कसोटी लावू. तुझ्या सगळ्या मांडणीमागे न बोललेला नियम असा आहे: जिथे ऊस, तिथे पाणीटंचाई. मग कोल्हापूरला जा. तिथे ऊस आपल्यापेक्षा कितीतरी दाट आहे आणि कारखानेही जुने आहेत. पण सह्याद्रीचा पाऊस आणि राधानगरीसारखी धरणं पाठीशी असल्याने लातूरसारखी रेल्वे तिथे न्यावी लागत नाही. उलट पंचगंगेच्या पुराचीच बातमी येते. ऊस आहे, टंचाई नाही. तुझा हेतू भटकला.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. ऊस नसताना टंचाई होते का? घरी आजोबांना १९७२ विचार. त्या दुष्काळाने मराठवाड्याचं कंबरडं मोडलं. माणसं खडी फोडायला गेली आणि पुढे राज्याची रोजगार हमी योजना त्यातूनच उभी राहिली. पैठणचं जायकवाडी तेव्हा बांधून पूर्ण झालेलं नव्हतं आणि आपल्या शिवारात आजच्यासारखा ऊसही नव्हता. दुष्काळ मात्र होता. तू म्हणशील, तो अन्नधान्याचा दुष्काळ होता, पिण्याच्या पाण्याची आजची टंचाई वेगळी. अगदी बरोबर, आणि हेच तू निबंधात लिहायला हवं होतंस. पाऊस न पडणं, पीक करपणं आणि नळाला पाणी नसणं या तीन वेगळ्या घटना आहेत. ऊस पाऊस थांबवू शकत नाही. तो विहीर आटवू शकतो. तुझ्या निबंधात पहिल्या पानावर दुष्काळ म्हणजे कोरडं आभाळ आहे, दुसऱ्यावर करपलेली ज्वारी आहे आणि तिसऱ्यावर रिकामी घागर आहे. आरोप मात्र तिन्हींचा एकाच पिकावर आहे.

मग उपाधी कोणती? कोल्हापूर आणि लातूर यांत फरक कशाचा? माझ्या मते इथेच तुझ्या निबंधाचं खरं हृदय असायला हवं होतं. पाऊस कमी, खाली काळा पाषाण, त्यात मुरलेलं थोडंसं पाणी, आणि त्याच पाण्यावर पिण्याची विहीर आणि उसाचं बोअर दोघंही अवलंबून. अशा ठिकाणी ऊस टंचाई वाढवू शकतो. आणि का वाढवतो याचं कारण नुसतं "फार पाणी पितो" एवढं नाही. ते वेळेत आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातं. तूर हिवाळा संपेपर्यंत उभी असते, ज्वारीही उन्हाळा तापायच्या आत खळ्यावर येते. ऊस मात्र बारा महिन्यांचा, आडसाली असेल तर अठरा महिन्यांचा. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो, तहसीलदार विहिरी अधिग्रहित करत असतात आणि टँकर सुरू झालेले असतात, नेमकं तेव्हाच उभ्या उसाला सर्वाधिक पाणी लागतं. ही दोन वाक्यं तुझ्या निबंधात असती तर ऊस आणि टंचाई यांमधली साखळी वाचकाला दिसली असती. तुला ही माहिती नव्हती असं मी मानत नाही. तू शेतकऱ्याघरची आहेस. फक्त "डौलाने डोलत होता" लिहिताना तो कोणत्या महिन्यात, कोणाच्या पाण्यावर डोलत होता, हे विचारायचं राहून गेलं.

आता त्या चार आणि सत्तर टक्क्यांकडे येते, कारण माहितीचे गुण तिथे कापले गेले. हा आकडा खोटा नाही. केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने उसाच्या भावाविषयीच्या अहवालात तो दिला आहे. पण त्यात नेमकं काय म्हटलंय? महाराष्ट्र राज्यात पिकाखालच्या एकूण क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्र उसाखाली आहे आणि ते राज्यातल्या सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास सत्तर टक्के पाणी घेतं. तुझ्या निबंधात यातले दोन शब्द गळाले. "राज्यात" गळालं, म्हणून कोल्हापूर, सांगली, पुण्यासह काढलेला आकडा एकट्या मराठवाड्याचा झाला. "सिंचनाच्या" गळालं, म्हणून शेतीला दिलेल्या पाण्याचा हिशोब सगळ्या पाण्याचा झाला. त्यात पिण्याचं, उद्योगाचं, नदीतून वाहून जाणारं, सगळंच आलं. दोन शब्द गळाल्याने वाक्य आटोपशीर झालं आणि विधान चुकीचं झालं.

तू हा आकडा कुठून उचललास हे मी विचारणार नाही. तो बातम्यांत आणि भाषणांत असाच गळलेल्या रूपात फिरतो. पण आकडा हातात आला की तीन गोष्टी विचारायची सवय लाव: कुठला प्रदेश, कशाचा हिस्सा, कोणत्या काळातला. उत्तर मिळत नसेल तर तो आकडा लिहू नकोस. आकड्याशिवायचं प्रामाणिक वाक्य चालतं.

आणि खरं सांगू? तुला उसन्या टक्केवारीची गरजच नव्हती. तुझ्याच निबंधातल्या रेल्वेवरून साधा गुणाकार करता आला असता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला जलदूत आली. सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. म्हणजे पन्नास वाघिणींच्या एका खेपेत २५ लाख लिटर. आता पाटाने भिजवलेल्या उसाला पूर्ण हंगामात साधारण २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात. आपण कमीतला आकडा घेऊ. एका हेक्टरवर २००० मिलिमीटर, म्हणजे दोन मीटर उंचीचा पाण्याचा थर. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. दोनने गुणलं की वीस हजार घनमीटर, आणि एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे दोन कोटी लिटर. भागिले २५ लाख. आठ. एक हेक्टर ऊस पूर्ण हंगामात जेवढं पाणी घेतो, ते पन्नास वाघिणींच्या आठ जलदूत भरून होईल.

हा हिशोब कोणालाही कागदावर तपासता येतो, म्हणून तो तुझ्या घशाच्या कोरडीपेक्षा जड आहे. पण त्याच्यापुढेही लगेच "म्हणून" लिहायचं नाही. या दोन मीटरांतलं काही पाणी पावसाने दिलेलं असतं, ते विहिरीतून उपसलेलं नसतं. शेतकऱ्याने ठिबक बसवलं असेल तर पाणी बरंच कमी लागतं. पाटाने दिलेल्या पाण्यातलं थोडं पुन्हा जमिनीत मुरून शेजारच्या विहिरीला मिळतं. हे सगळं वजा केल्यावरही मोठा आकडा उरतो, पण वजाबाकी दाखवली की वाचक तुझ्यावर विश्वास ठेवतो.

याहून मोठी अडचण पुढे आहे. आठ रेल्वेंचं ते पाणी उसाला दिलं नसतं, तर ते लातूरच्या नळाला आलं असतं का? लातूर शहराचं पाणी मांजरा धरणातून येतं, धनेगावहून. टंचाईच्या वर्षी धरणातला उरलेला साठा पिण्यासाठी राखून ठेवतात. मग त्या उन्हाळ्यात शिवारात दिसणारा ऊस धरणाच्या पाण्यावर होता की शेतकऱ्याच्या बोअरवर? बोअरवर असेल तर शहराच्या नळाशी त्याचा थेट संबंध नाही. संबंध जोडायचा असेल तर तो लांबून जोडावा लागेल: आधीच्या बऱ्या वर्षांत धरणातून किती पाणी सिंचनाला गेलं, धरणाच्या वरच्या भागात विहिरी आणि बोअर यांनी नदीकडे येणारं पाणी किती अडवलं. गावातल्या टंचाईचं मात्र वेगळं आहे. तिथे उसाचं बोअर आणि गावची विहीर एकाच खडकातलं पाणी उपसत असतात, संबंध जवळचा आहे. म्हणजे तुझा मुद्दा शहरापेक्षा गावाच्या बाबतीत जास्त पक्का आहे, आणि तू मात्र सगळा भर लातूर शहराच्या चित्रावर दिलास, कारण ते चित्र जास्त परिणामकारक होतं.

दुसऱ्या कारणांविषयी थोडक्यात लिहिते. एखाद्या गोष्टीला एकच कारण आहे असा दावा केला की बाकीची कारणं बाजूला सारायची जबाबदारी आपल्यावर येते. जलदूत आली त्याआधी २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्के कमी पाऊस झाला होता. तुझ्या निबंधात याचा उल्लेख एकदाही नाही. परीक्षक म्हणून माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला: ऊस अजिबात नसता तर त्या वर्षी मांजरा भरलं असतं का? विरुद्ध बाजूचा इतका भक्कम हेतू समोर उभा असताना आपला हेतू एकटा पुढे नेता येत नाही. याला न्यायशास्त्रात सत्प्रतिपक्ष म्हणतात.

वरच्या धरणांचा मुद्दा तू घेतलास, ते चांगलं केलंस, पण तो चुकीच्या जागी लावलास. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा वाद खरा आहे. मेंढेगिरी समितीने त्यासाठी जायकवाडीतल्या पासष्ट टक्के साठ्याचा निकष सुचवला, हेही खरं. पण तो प्रश्न गोदावरीचा आणि पैठणचा आहे. लातूर मांजराच्या खोऱ्यात आहे. नाशिकने पाणी सोडलं काय किंवा अडवलं काय, धनेगावच्या धरणात त्याने थेंबाचा फरक पडत नाही. नकाशा उघडून दोन नद्या पाहिल्या असत्या तर तो परिच्छेद तूच खोडला असतास.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली जागा. तू लिहिलंस, "काही जण म्हणतात की शेतकऱ्याला ऊस परवडतो, पण लोभाचं हे समर्थन पोकळ आहे." विरुद्ध बाजूला एवढं एकच वाक्य मिळालं, आणि तेही तिला हरवण्यासाठी. विरोधी मत इतकं दुबळं करून मांडलं की ते पाडणं सोपं जातं, पण पाडलं जातं ते आपणच उभं केलेलं बुजगावणं. समोरचा माणूस जागचा हलत नाही.

ऊस लावणारा शेतकरी स्वतः बोलायला उभा राहिला तर काय म्हणेल, ते लिहून पाहा. तो म्हणेल: उसाला केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे किमान भाव, ठरवतं आणि कारखान्याने तो द्यायचाच असतो. पैसे उशिरा मिळतात, पण किती मिळणार हे आधी माहीत असतं. तुरीलाही हमीभाव आहे, पण २०१७ मध्ये बाजारभाव त्याच्याखाली गेला आणि खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा गहू, हरभरा आडवा झाला. ऊस अशा माऱ्यात त्यांच्यापेक्षा तग धरतो. तोडणीला टोळी कारखाना पाठवतो, वाहतूक कारखाना बघतो. शिवाय पीककर्ज फेडायचं आहे, मुलीची फी भरायची आहे. मग मी काय लावू?

हे वाचून तुझा निष्कर्ष बदलेलच असं नाही. ऊस टंचाई वाढवतो हे तरीही खरं असू शकतं. पण "लोभ" हे स्पष्टीकरण टिकत नाही, कारण त्या जागी कोणताही सावध माणूस ऊसच लावील. आणि मग उपायही बदलतो. कारण लोभ असेल तर बंदी घाला म्हणता येईल. कारण भावाची खात्री असेल तर तूर-सोयाबीनच्या खरेदीची तशीच खात्री दिल्याशिवाय बंदी टिकणार नाही, कारण माणूस बंदी चुकवण्याचे मार्ग शोधेल. तुझ्या शेवटच्या पानावर "ऊस हद्दपार करा" अशी घोषणा आहे. ती तुझ्या मांडणीतून आलेली नाही. आवेशातून आली आहे.

तुझा तो देखणा परिच्छेद मी माझ्या पद्धतीने पुन्हा लिहून पाहिला. याहून चांगला तू लिहिशील, पण काय बदललं ते पाहा:

"२०१६ च्या टंचाईमागे पहिलं कारण सलग दोन वर्षांचा अपुरा पाऊस होतं. ते उसामुळे घडलं नाही. पण कमी पावसाच्या, कठीण खडकाच्या प्रदेशात जिथे गावची विहीर आणि उसाचं बोअर एकाच भूजलावर चालतं, तिथे ऊस ही टंचाई अधिक लवकर आणि अधिक तीव्र करतो असं मानायला जागा आहे. कारण सोयाबीन, तूर, ज्वारी शेतातून निघून गेल्यावरही एप्रिल-मेमध्ये उसाला उपसा चालू ठेवावा लागतो. पाटाने दिलेल्या एका हेक्टर उसाचं हंगामाचं पाणी, त्यातलं पावसाचं वजा न करता, दोन कोटी लिटरच्या घरात जातं. कोल्हापुरात हाच ऊस टंचाई निर्माण करत नाही, म्हणून दोष पिकाचा एकट्याचा नसून पीक आणि जागा यांच्या जोडीचा आहे."

यात घागर नाही, घसा नाही, डोलणं नाही. तुला घागर ठेवायची असेल तर खुशाल ठेव. मला प्रतिमांचं वावडं नाही. फक्त जे सिद्ध करायचं आहे ते तिच्यावर टाकू नकोस. आणि "मानायला जागा आहे" या शब्दांना भिऊ नकोस. मुलांना वाटतं असं लिहिलं की मत डळमळीत दिसतं. आपल्या पुराव्याची ताकद जेवढी आहे तेवढंच बोलणं याला मी डळमळीत म्हणत नाही. वरच्या परिच्छेदात एक गोष्ट अजून सिद्ध झालेली नाही: उसाच्या गावात विहिरी खरंच जास्त खाली जातात का? मी कारण सांगितलं, मोजमाप दिलं नाही. म्हणून तिथे "मानायला जागा आहे" एवढंच लिहिता येतं.

ते मोजमाप मात्र तू करू शकतेस, आणि पुनर्लेखनात मला तेच हवं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय आहे. कॉलेजचं पत्र मी देते. तुझ्या तालुक्यातल्या एकाच महसूल मंडळातली दोन गावं निवड, म्हणजे पाऊस जवळपास सारखा धरता येईल. एक उसाचं, एक बिनउसाचं. गावात ऊस किती आहे ते पीकपाहणीच्या नोंदींतून कळेल. दोन्ही गावांत ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी किती मीटर खाली गेलं याची वजाबाकी कर. एका वर्षावर थांबू नकोस. एक बऱ्या पावसाचं आणि एक कमी पावसाचं वर्ष घे, कारण बऱ्या वर्षात फरक दिसणार नाही अशीही शक्यता आहे. दोन गावांच्या खडकात किंवा ओढ्यापासूनच्या अंतरात फरक असेल तर तोही नोंदव, नाहीतर पुन्हा नवी उपाधी दडून राहील. दोनच गावांवरून अख्ख्या मराठवाड्याबद्दल बोलता येणार नाही, तेव्हा निष्कर्ष त्या मंडळापुरताच ठेव.

लिहायला बसण्याआधी एका कागदावर हेही लिहून ठेव: कोणता आकडा आला तर माझा दावा चुकीचा ठरेल? उसाच्या आणि बिनउसाच्या गावात घसरण सारखीच निघाली तर "या दोन गावांत उसाचा वेगळा परिणाम दिसला नाही" असं सरळ लिही. त्या निबंधालाही युक्तिवादाचे पूर्ण गुण मिळू शकतात.

पुनर्लेखन दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात दे. कार्यालयासाठीचं पत्र सोमवारी विभागातून घेऊन जा.

तुझी,
मॅडम